सूर्यास्ताला आपोआप लागणारा दिवा: गोव्यातल्या घरासाठी पायरीपायरीने

बाल्कांवातला दिवा रोज तिन्हीसांजेला कुणी उठून न लावता लागावा, एवढंच हवं असतं. त्यासाठी सगळ्यात आधी सुचतो तो टायमर. साडेसहाची वेळ लावली की झालं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे ठीक वाटतं, म्हणून मग वर्षभर त्याकडे कुणी बघत नाही. पण त्याच टायमरवर जुलैत लख्ख उजेडात चाळीस मिनिटं दिवा जळत राहतो आणि नोव्हेंबरात घरची माणसं काळोखात पायरी चाचपत असतात. यात टायमरचा दोष नाही. आपण त्याला घड्याळातली वेळ दिली, आणि हवं होतं ते सूर्याचं मावळणं. ते घड्याळाच्या एकाच आकड्यावर थांबून राहत नाही.

आजकाल फोनमधली बहुतेक ॲप ‘सूर्यास्त’ हीच अट म्हणून स्वीकारतात. रोजची वेळ ॲप स्वतःच काढतं, आपण फक्त जागा सांगायची. हे लावायला पाच-दहा मिनिटं पुरतात. मात्र लावल्यावर ते बरोबर चाललंय की नाही हे कसं ओळखायचं आणि एखाद्या दिवशी दिवा लागला नाही तर काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून या लेखात त्यावरच जास्त भर दिला आहे.

गोव्यात सूर्यास्त किती सरकतो

पणजीचा सूर्यास्त साधारण असा असतो. एखाद्या मिनिटाचा फरक धरून चाला:

- २१ मार्च: ६:४५
- २१ जून: ७:०८
- ७ जुलै: ७:१०
- २३ सप्टेंबर: ६:३१
- ३१ ऑक्टोबर: ६:०६
- २२ नोव्हेंबर: ६:०१
- २१ डिसेंबर: ६:०९
- ३१ जानेवारी: ६:३२

म्हणजे वर्षभरात एकूण फरक जेमतेम सत्तर मिनिटांचा. पण तो सगळ्या महिन्यांत सारखा वाटलेला नाही. अख्ख्या जुलैत सूर्यास्त चारेक मिनिटंच हलतो, तर एकट्या ऑक्टोबरात एकोणीस मिनिटांनी अलीकडे येतो, म्हणजे दिवसाला चाळीसेक सेकंद. चवथीच्या सुमारास नीट लावलेला टायमर दिवाळीपर्यंत बिनसलेला वाटतो, तो यामुळेच.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना गोंधळात टाकते. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबरच्या आसपास येतो, तेव्हा सूर्यही त्याच दिवशी सर्वांत लवकर मावळत असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गोव्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त महिनाभर आधी, २२ नोव्हेंबरच्या आसपास होऊन गेलेला असतो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, शिवाय तिची सूर्याभोवतीची कक्षा पुरती गोल नाही. त्यामुळे सूर्य डोक्यावर येण्याची वेळही वर्षभर पुढेमागे होते. गोव्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:१८ असते, तर फेब्रुवारीत १२:४९. मधल्या दिवसांत दिवस लहान होत असला तरी दुपारच पुढे सरकते आणि संध्याकाळही तिच्या मागून लांबते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखी असूनही सूर्यास्तात चौदा-पंधरा मिनिटांचं अंतर दिसतं, ते याच कारणाने. तेव्हा डिसेंबरच्या मध्यावर दिवा रोज थोडा उशिरा लागायला लागला तर काही बिघडलं असं समजू नका. तसंच व्हायला हवं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात किंवा पंचांगात सूर्यास्ताची वेळ छापलेली असते, पण ती कोणत्या गावाची आहे ते बघून घ्या. मुंबईची असेल तर जूनमध्ये ती गोव्यापेक्षा दहा मिनिटं पुढे आणि डिसेंबरात तीनेक मिनिटं मागे असते. फरक दर महिन्याला बदलतो, म्हणून ‘मुंबईतून पाच मिनिटं वजा’ असा कायमचा हिशेब बसत नाही.

आधी भिंतीवरचं बटण

एक उदाहरण धरून चालू. फोंडा तालुक्यातलं कुळागरातलं घर, पुढे बाल्कांव, तिथे ९ वॅटचा एक एलईडी दिवा. तुळशीपुढची पणती घरातली मोठी माणसं स्वतः लावतात. ती कुणी यंत्राकडे दिलेली नाही आणि देऊही नये. आपोआप लागायचा आहे तो फक्त बाल्कांवातला दिवा.

त्यासाठी तीन प्रकारच्या वस्तू मिळतात: स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग आणि भिंतीतल्या बटणामागे बसवायचा स्मार्ट स्विच. बल्ब सर्वांत सोपा, होल्डरमध्ये लावला की झालं. त्याची अडचण एकच, पण ती रोजची. घरात कुणीतरी जाताजाता सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतं आणि बल्बची वीजच तुटते. मग फोनमध्ये कितीही सुंदर सेटिंग असलं तरी तो लागत नाही. घरात दोनांपेक्षा जास्त माणसं असतील तर मी बटणामागचा स्मार्ट स्विचच सुचवेन. त्यात भिंतीवरचं बटणही चालतं आणि फोनही. तो बसवायचं काम मात्र वायरमनकडूनच करून घ्या. अशा बहुतेक स्विचना न्यूट्रल वायर लागते आणि जुन्या घरांत ती बटणाच्या पेटीपर्यंत आणलेली नसते. हे वायरमनला वस्तू विकत घ्यायच्या आधी विचारा.

दिव्याचं कनेक्शन पिनेवर असेल तर स्मार्ट प्लग पुरतो. यातल्या बहुतेक वस्तू वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरच चालतात. जोडणी होत नसेल तर फोन ५ गिगाहर्ट्‌झवर आहे का ते आधी बघा. आणि राऊटर आतल्या खोलीत, मध्ये मातीच्या जाड भिंती, असं घर असेल तर बाल्कांवात वायफाय पोचतं का हे फोन हातात धरून आधीच तपासा.

ॲपमध्ये अट लावणं

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या वस्तू `Smart Life` या ॲपवर किंवा त्याच धाटणीच्या ॲपवर चालतात, म्हणून त्याचंच उदाहरण घेते. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे वेगळे दिसतील, क्रम साधारण हाच.

१. वस्तू ॲपमध्ये जोडा आणि तिला ओळखू येईल असं नाव द्या. सहा महिन्यांनी `Plug 3` म्हणजे कोणता, हे कुणालाच आठवत नाही.

२. खालच्या पट्टीतलं `Scene` उघडा, वरचं `+` दाबा.

३. अटीच्या यादीत `Schedule` दिसेल. ते घेऊ नका, तिथे घड्याळातलीच वेळ द्यावी लागते. त्याऐवजी `When weather changes` घ्या आणि त्यात `Sunset/Sunrise` निवडा. सूर्यास्त हवामानाच्या रकान्यात का ठेवला असेल, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. नवीन माणूस इथेच अडकतो.

४. गाव विचारल्यावर पणजी द्या, किंवा फोनला सध्याची जागा घेऊ द्या. गोवा पूर्व-पश्चिम इतका अरुंद आहे की समुद्रकिनारा आणि घाटाकडची हद्द यांच्या सूर्यास्तात अडीच मिनिटांच्या आसपासच फरक पडतो. तेव्हा फोंडा सापडत नसेल तर पणजी चालेल, काणकोण सापडत नसेल तर मडगाव चालेल. घराचा नेमका पत्ता ॲपला देण्याची काही गरज नाही.

५. `Sunset` निवडा. तिथेच सूर्यास्ताच्या आधी किंवा नंतर किती मिनिटांनी, हेही विचारलं जातं. आत्ता शून्य ठेवा.

६. पुढे काय करायचं, यात तो प्लग निवडा आणि `ON` करा. उलटापालट करणारा पर्याय दिसला, म्हणजे चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू, तर त्याला हात लावू नका. कुणी आधीच दिवा लावलेला असेल तर सूर्यास्ताला तो विझेल.

७. जतन करा. मग दुसरं साधं `Schedule` लावून रात्री ११ वाजता `OFF` करा. झोपायची वेळ सूर्यावर ठरत नाही, म्हणून इथे घड्याळच बरं.

`Google Home` मध्ये हेच काम `Routine` मधून होतं आणि तिथे सूर्योदय-सूर्यास्त अशी अट निवडता येते. तिथे घराचा जो पत्ता भरलेला असतो त्यावरून वेळ निघते. पत्ता रिकामा किंवा जुना असेल तर तोच आधी सुधारा.

किती मिनिटं आधी, किती नंतर

ॲप जो सूर्यास्त काढतं तो मोकळ्या, सपाट क्षितिजाचा असतो. सूर्याच्या बिंबाची वरची कड क्षितिजाखाली जाते तो क्षण. मिरामारच्या वाळूत उभं राहून समुद्राकडे बघाल तर आकडा आणि डोळा जुळतात. सत्तरीत घराच्या पश्चिमेला डोंगर असेल तर सूर्य अर्धा तास आधीच दिसेनासा झालेला असू शकतो. उजेड मात्र तेवढ्याने जात नाही, आकाश उजळलेलं असतंच. दिवा लावायचा तो सूर्य दिसेनासा झाला म्हणून नाही, डोळ्यांना उजेड कमी पडायला लागला म्हणून.

तेव्हा आपल्या घरापुरता आकडा आपणच काढायचा. निरभ्र संध्याकाळी बाल्कांवात बसा आणि वर्तमानपत्र वाचत राहा. अक्षरं बघताना डोळे ताणायला लागले की घड्याळ बघा, आणि त्यातून ॲपने दाखवलेली सूर्यास्ताची वेळ वजा करा. फोंड्याच्या आपल्या घरी, समजा, १५ जानेवारीला हे केलं. सूर्यास्त ६:२२ चा, आणि दिवा लावावासा वाटला ६:२७ ला. म्हणजे उत्तर आलं सूर्यास्तानंतर ५ मिनिटं. वर माडपोफळी नसत्या, अंगण उघडं असतं, तर हेच पंधरा मिनिटांपर्यंत गेलं असतं.

इथे गोव्याच्या जागेचा एक फायदा आहे. सूर्यास्तापासून बाहेरची कामं दिव्याशिवाय करणं अवघड होईपर्यंतचा संधिप्रकाश गोव्यात २१ ते २४ मिनिटं टिकतो, मग डिसेंबर असो की जून. युरोपात उत्तरेकडे हा काळ ऋतूप्रमाणे खूपच बदलतो, म्हणून तिकडच्या लेखांत मिनिटांऐवजी सूर्य किती अंश खाली गेला ते मोजायला सांगतात. आपल्याला त्याची गरज नाही. एकदा काढलेला मिनिटांचा आकडा निरभ्र आकाशाला बारा महिने चालतो.

चालत नाही तो पावसात. जून ते सप्टेंबर ढग दाटले की सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच कुळागरात अंधारून येतं आणि ॲपला त्याचा पत्ता नसतो. त्याला सूर्याची दिशा कळते, ढग कळत नाहीत. यावर खरा उपाय म्हणजे उजेड मोजणारा सेन्सर. पण एका दिव्यासाठी मला तो खटाटोप वाटतो. त्यापेक्षा हिशेब करून बघा. ९ वॅटचा दिवा रोज अर्धा तास जास्त जळला तर पावसाळ्याच्या १२० दिवसांत ५४० वॅट-तास होतात, म्हणजे अर्ध्या युनिटाच्या जरा वर. एवढ्यासाठी दर ऋतूत सेटिंग कशाला बदलायचं? आपल्या घराचं उत्तर ‘५ मिनिटं नंतर’ असं होतं. ते सरळ ‘१५ मिनिटं आधी’ करून टाकायचं आणि वर्षभर तसंच राहू द्यायचं. हिवाळ्यात दिवा थोडा लवकर लागतो, पावसात वेळेवर लागतो, आणि कुणाची तक्रार राहत नाही. दिव्याऐवजी मोठे फ्लडलाईट असतील तर मात्र हा आळस महागात पडेल, तिथे सेन्सरच बघा.

तो क्षणच हुकला तर

सूर्यास्त ही अट म्हणजे एक क्षण आहे. ॲप त्या क्षणी एकदाच हुकूम सोडतं. नेमकी तेव्हाच वीज गेलेली असेल, किंवा वीज असून इंटरनेट नसेल, तर हुकूम दिव्यापर्यंत पोचत नाही. अर्ध्या तासाने सगळं पूर्ववत झालं तरी ॲप मागे वळून ‘अरे, राहिलं’ असं म्हणत नाही. दिवा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच. पावसाळ्यात संध्याकाळच्या वेळी वीज जाणं गोव्याला नवीन नाही. त्यामुळे ‘कधी लागतो, कधी नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते, आणि लोक वस्तूलाच दोष देऊन ती बदलून आणतात.

उपाय साधा आहे. गोव्यात सूर्य ७:१० नंतर कधीच मावळत नाही. तेव्हा ७:१५ ला घड्याळावर चालणारं आणखी एक `Schedule` लावा, तेही `ON` चंच. सूर्यास्ताचा हुकूम पोचलेला असेल तर दिवा आधीच चालू असतो आणि दुसऱ्या हुकमाने काही बिघडत नाही. हुकलेला असेल तर तो ७:१५ ला लागतो. वीज खूप वेळ जात असेल तर तसंच तिसरं ८:१५ ला. दिसायला अडाणी, पण खात्रीचं.

विझवण्याच्या बाजूनेही हाच घोळ होतो, तो जास्त फसवा. प्लगच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ते ठरवता येतं. ते `Relay Status` किंवा `Power-on` अशा नावाने असतं आणि त्यात चालू, बंद, की आधी होतं तसं, असे पर्याय असतात. ‘आधी होतं तसं’ निवडावं, म्हणजे आठ वाजता पाच मिनिटं वीज गेली तरी दिवा आपला परत लागतो. पण समजा साडेदहाला वीज गेली आणि साडेअकराला आली. अकराचा `OFF` हुकला, प्लगला आठवतंय की आपण चालू होतो, आणि दिवा सकाळपर्यंत जळत राहिला. म्हणून रात्री १ वाजता आणि सकाळी ७ वाजता असे आणखी दोन `OFF` लावून ठेवा. जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास होतो, त्यामुळे सातनंतर दिव्याचं काम नसतंच.

हे सगळं लावून झाल्यावर एकदा मुद्दाम परीक्षा घ्या. दिवा लागायच्या वेळेच्या पाच मिनिटं आधी राऊटरची पिन काढा, ती वेळ टळून गेल्यावर दिवा लागला का ते बघा, मग पिन परत लावून ७:१५ ची वाट बघा. आपली वस्तू इंटरनेटशिवाय किती करते हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, असं करूनच कळतं.

जागा चुकली की कसं ओळखायचं

दिवा रोज लागतो पण वेळ पटत नाही, असं असेल तर दोष जवळजवळ नेहमी जागेत असतो. कोणता दोष आहे ते लक्षणावरून कळतं.

जूनमध्ये चौदा मिनिटं उशीर आणि डिसेंबरात चाळीस मिनिटं घाई असेल तर ॲपने दिल्ली धरली आहे. दिल्लीचा सूर्यास्त २१ जूनला ७:२२ आणि २१ डिसेंबरला ५:२९ चा असतो. नवीन खातं उघडताना देशाची राजधानी आपोआप निवडली गेली की असं होतं.

अक्षांश-रेखांश हाताने भरायचे असतील तर पणजीसाठी अक्षांश `15.49` आणि रेखांश `73.83`. हे दोन आकडे अदलाबदल झाले तर आपलं घर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतं. तिथे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मावळतच नाही आणि डिसेंबरात उगवतच नाही. दोन्ही काळात सूर्यास्त नावाचा क्षणच येत नसल्याने दिवाही लागत नाही. एरवी विचित्र वेळी लागतो. अक्षांशापुढे चुकून उणे चिन्ह पडलं तर ऋतू उलटे होतात आणि डिसेंबरात दिवा सातच्या पुढे लागतो. हे पकडायला कठीण, कारण मार्चमध्ये आणि सप्टेंबरात सगळं अगदी बरोबर चालल्यासारखं दिसतं. म्हणून तपासणी त्या महिन्यांत करू नका. नोव्हेंबरात किंवा जुलैत करा, आणि वरच्या यादीशी ताडून पाहा.

फक्त फोनसाठी

दिवा वगैरे काही नको, फोननेच सूर्यास्ताला काहीतरी करावं, असंही हवं असतं. आयफोनमध्ये `Shortcuts` उघडा, `Automation` मध्ये `+`, मग `Time of Day`, आणि तिथे `Sunset`. त्याखाली किती आधी किंवा नंतर ते निवडता येतं. शेवटी `Run Immediately` करायला विसरू नका, नाहीतर तो रोज तुमची परवानगी विचारत बसेल. मे महिन्यात अंगणात सोलां वाळत घातली असतील तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ‘सोलां आत घ्या’ असा संदेश फोनवर यावा, यासाठी हे फार सोयीचं आहे. दव पडायच्या आत ती उचलली जातात. अँड्रॉइडमध्ये `Dark theme` आणि `Night Light` यांच्या वेळापत्रकात सूर्यास्त ते सूर्योदय असा पर्याय तयारच असतो. त्यासाठी फोनचं लोकेशन चालू लागतं.

पण घरातला दिवा फोनच्या भरवशावर ठेवू नका. फोन स्वतःच्या जागेचा सूर्यास्त धरतो आणि तो आपल्या खिशात फिरत असतो. डिसेंबरात फोनवाला माणूस कोलकात्याला गेला तर तिथे २१ तारखेला सूर्य ४:५७ ला मावळतो. फोन त्या वेळी हुकूम सोडेल आणि फोंड्यात भर उन्हात दिवा लागेल, सूर्यास्ताच्या सव्वा तास आधी. घरातल्या वस्तूंचा सूर्यास्त घराच्या पत्त्याला बांधलेला हवा. आयफोनवाल्यांनी त्यासाठी `Shortcuts` ऐवजी `Home` ॲपमधलं ऑटोमेशन वापरावं. मात्र त्याला घरी कायम चालू राहणारा होमपॉड किंवा ॲपल टीव्ही लागतो.

होम असिस्टंट असेल तर

घरी छोट्या संगणकावर `Home Assistant` चालवणाऱ्यांचं काम जास्त भरवशाचं होतं. सूर्यास्त तिथल्या तिथे गणिताने निघतो, त्याला इंटरनेट लागत नाही. आणि वीज येऊन ते पुन्हा सुरू झालं की राहिलेलं काम करायलाही सांगता येतं:

```yaml
triggers:
  - trigger: sun
    event: sunset
    offset: "-00:15:00"
  - trigger: homeassistant
    event: start
conditions:
  - condition: sun
    after: sunset
    after_offset: "-00:20:00"
  - condition: time
    before: "23:00:00"
actions:
  - delay: "00:02:00"
  - action: switch.turn_on
    target:
      entity_id: switch.balcao
```

अटीतली वीस मिनिटं मुद्दाम पंधरापेक्षा जास्त ठेवली आहेत, म्हणजे सेकंदाच्या फरकाने दार बंद होणार नाही. दोन मिनिटांचा थांबा वीज आल्यानंतरच्या वेळेसाठी आहे. राऊटर आणि प्लग एकमेकांना सापडायला तेवढा वेळ लागतो, आणि त्याआधी सोडलेला हुकूम हवेत विरतो.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे `sun.sun` मध्ये `next_setting` बघितलं की २१ डिसेंबरला तिथे १२:३९ दिसतं आणि लोक घाबरून टाइमझोन बदलायला जातात. ती वेळ जागतिक प्रमाणवेळेतली आहे. त्यात साडेपाच तास मिळवा, ६:०९ येतात, म्हणजे सगळं बरोबर आहे. दुसरं, वरची `after: sunset` ही अट मध्यरात्रीपर्यंतच खरी असते. बारा वाजले की दिवस बदलतो आणि त्या दिवसाचा सूर्यास्त अजून झालेला नसतो. आपलं काम अकराला संपतं म्हणून इथे अडत नाही. पण रात्रभर चालणाऱ्या एखाद्या गोष्टीसाठी, उदाहरणार्थ रात्री फाटकाजवळ हालचाल झाली तर दिवा लावायचा असेल, तर ही अट वापरू नका. तिथे हे लिहा:

```yaml
conditions:
  - condition: state
    entity_id: sun.sun
    state: below_horizon
```

ही अट क्षितिजाखालचा सूर्य बघते, तारीख बघत नाही, त्यामुळे ती सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत सलग खरी राहते.